जुडी सोडताना

नागपुरात पालेभाजी दोन तऱ्हांनी मरते. एप्रिल-मेमध्ये ती सुकून जाते आणि जुलै-ऑगस्टमध्ये सडून जाते. बहुतेक घरांत या दोन्ही गोष्टींना ‘भाजी खराब झाली’ एवढंच म्हणतात आणि दोन्हींची वाट एकाच डब्यात लागते. मला यातलं निम्मं फेकणं फार लागतं. कारण मेमधली मलूल पालकाची जुडी बहुतेक वेळा जिवंत असते आणि जुलैमधली, वरून टवटवीत दिसणारी सांबाराची जुडी पुष्कळदा आतून गेलेली असते. (सांबार म्हणजे कोथिंबीर. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगून ठेवते.) नुसत्या वरच्या रूपावर निवाडा केला की खायची भाजी कचऱ्यात जाते आणि कचऱ्यातली ताटात येते.

आधी मेबद्दल. कळमन्याच्या बाजार समितीत पहाटे उतरलेला पाला सकाळी गोकुळपेठेत, बुधवारी बाजारात आणि गल्लोगल्लीच्या ठेल्यांवर पोचतो. तोवर ऊन चढलेलं असतं. पारा 44-45 कडे सरकलेला, हवेतला ओलावा दुपारी 20 टक्क्यांच्या आसपास, आणि वरून लू. अशी हवा जिथून मिळेल तिथून पाणी ओढते. तोडलेल्या पानाचा मुळाशी संबंध सुटलेला असतो. त्याच्याकडून पाणी जात राहतं, पण भरून काही निघत नाही.

पान ताठ राहतं ते लाकडासारख्या एखाद्या कण्यामुळे नाही. त्याच्या प्रत्येक पेशीत पाण्याची पिशवी असते आणि ती आतून भिंतीवर दाब देत राहते. हवा भरलेली सायकलची ट्यूब जशी कडक लागते, तसं भरलेलं पान कडक लागतं. दाब गेला की पान लोळतं. इथे मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की लोळायला फार पाणी जावं लागत नाही. पालकात शंभरातले नव्वदहून जास्त भाग पाणीच असतं, आणि त्याचं वजन तीन टक्क्यांच्या आसपास घटलं की तो बघवत नाही. 400 ग्रॅमच्या जुडीत तीन टक्के म्हणजे 12 ग्रॅम, पोह्याच्या चमच्याने जेमतेम अडीच चमचे पाणी. तेवढ्यासाठी आपण अख्खी जुडी टाकून देतो. पेशी फुटलेल्या नसतात, त्यांचं आवरण शाबूत असतं, पाणी दिलं तर त्या ते परत घेतात.

भाजीवाल्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. ठेल्यावर ओलं गोणपाट टाकून त्याखाली जुड्या झाकून ठेवतात आणि दर थोड्या वेळाने पाण्याचा हबका मारतात. दुपारी चारच्या सुमाराला भाव पडतो, तेव्हा आमच्या गल्लीतली एक बाई हमखास म्हणते, “घेऊन जा ना बाई, सांबार मेला नाही. पाण्यात ठेवला का तासाभरात उभा राह्यते पाह्य.” ती खरं बोलते. फक्त तिच्या वाक्यात एक अट दडलेली आहे. तासाभरात उभा राहिला, तरच तो मेलेला नव्हता.

म्हणून पाण्यात ठेवणं हा उपाय आहे तशी परीक्षाही आहे. घरी आणलेली मलूल जुडी मी आधी सावलीत सोडते. दोरा किंवा रबर काढून पाला मोकळा करते, कारण बांधलेल्या जुडीच्या मधल्या देठांपर्यंत पाणी पोचत नाही. मग देठांची टोकं बोटाच्या पेरापेक्षा थोडी कमी कापून टाकते. तोडल्यावर ती टोकं सुकून बुजलेली असतात, नवीन काप दिला की वाट मोकळी होते. सांबार मुळांसकट असेल तर मुळांची माती धुते आणि उभ्या तांब्यात देठ बुडतील एवढ्या पाण्यात ठेवते. पानं पाण्याबाहेर. पालक, चवळाई, चुका यांना मोठ्या गंजात थंड पाण्यात पूर्ण बुडवून वीस-तीस मिनिटं ठेवायचं. माठातलं पाणी पुरतं, बर्फ लागतोच असं नाही. मात्र ते पिण्याचं पाणी हवं. उन्हातून आलेलं गरम पान थंड पाण्यात पडलं की त्यातली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी कापातून, रंध्रांतून आत खेचलं जातं. पाण्यात जे असेल ते त्याच्याबरोबर आत जातं आणि मग वरून कितीही धुतलं तरी निघत नाही.

याच पाण्यात मीठ टाकायची सवय अनेक घरांत आहे, किडे निघावेत म्हणून. मलूल पाल्याला हे अगदी उलटं पडतं. मीठ पाणी बाहेर ओढतं. आपण पान भरायला बसलो आहोत आणि मीठ ते रिकामं करतंय. किड्यांसाठी मिठाचं पाणी करायचं तर ते वेगळं, चार-पाच मिनिटांपुरतं आणि शिजवायच्या अगदी आधी.

अर्ध्या तासाने पाहिलं की निवाडा आपोआप झालेला असतो. जे पान पुन्हा ताठ झालं, देठ वाकवल्यावर कटकन मोडलं, ते जिवंत. जे थोडं उठलं पण कडक झालं नाही, ते शिजवायला चांगलं, कच्चं खाण्यात मजा नाही. आणि तासाभरानंतरही जे तसंच चिंधीसारखं पडून आहे, किंवा पाण्यात जाऊन आणखी काळपट, पारदर्शक झालं आहे, त्याच्या पेशी गेलेल्या आहेत. उन्हाने ज्यांच्या कडा कुरकुरीत होऊन वाळल्या आहेत त्या कडाही परत येत नाहीत, पण तेवढ्या खुडून उरलेलं पान खुशाल वापरावं. कोरडं वाळणं हे सडणं नाही.

पाण्यातून काढल्यानंतरचं काम बहुतेक लोक करत नाहीत, आणि मेमध्ये वाचवलेली भाजी तिथेच मरते. पाला निथळून, सुती धोतराच्या किंवा जुन्या साडीच्या फडक्यावर पसरून पंख्याखाली वरचं पाणी जाईपर्यंत ठेवावाच लागतो. आत पाणी, बाहेर कोरडं, अशी पानाची अवस्था हवी. मग त्याच प्रकारच्या कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून फ्रिजच्या खालच्या खणात. ओलाच पाला प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून गाठ मारली, तर आपण मेमध्ये जुलै तयार केला असं समजावं.

जुलैचा प्रश्न पाणी कमी असण्याचा नसतोच. पावसात भिजलेली जुडी शेतातूनच ओली निघते, ओलीच बांधली जाते, ओल्या गोणपाटाखाली बसते आणि ओलीच आपल्या पिशवीत येते. हवा दमट असल्यामुळे वरचं पाणी उडत नाही. त्यात भर म्हणजे तोडलेला पाला श्वास घेत असतो आणि त्या श्वासाने ऊब धरतो. जुडीच्या मध्यभागी हात घातला तर ती ऊब बोटांना लागते.

पानाच्या दोन पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. पेरूची जेली घट्ट बसते ती यानेच. मातीत आणि पाण्यात राहणारे काही जिवाणू हे पेक्टिन विरघळवणारी विकरं सोडतात. शेतकी शास्त्रात त्यांना स्युडोमोनास, पेक्टोबॅक्टेरियम अशी नावं आहेत. त्यांना आत शिरायला जखम लागते, मग ती देठाचा काप असो, दोऱ्याचा काच असो की दाबलं गेलेलं पान. आणि अंगावर पाण्याचा थर लागतो. एकदा शिरले की पेशी सुट्या होतात, फुटतात, त्यांतला रस बाहेर येतो आणि तोच रस पुढच्या जिवाणूंचं अन्न होतो. बोटाला जो बुळबुळीतपणा लागतो तो हा, विरघळलेलं पान आणि त्यात वाढलेले जिवाणू. हा रस ज्या शेजारच्या पानाला लागेल तिथे रोग पोचतो. म्हणून सड एका पानावर थांबत नाही. सुकणं मात्र एका पानाकडून दुसऱ्याला लागत नाही. या एका फरकावरून पुढचे बरेचसे निर्णय घेता येतात.

फ्रिज यावर पूर्ण उतारा नाही. थंडीत हे जिवाणू मंदावतात, पण स्युडोमोनासच्या कित्येक जाती 4-5 अंशांनाही हळूहळू वाढत राहतात. तीन दिवसांनी फ्रिजमधून काढलेली जुडी चिकट निघते ती फ्रिज बिघडल्यामुळे नव्हे.

एक सकाळ तपशिलात सांगते, म्हणजे निवाडा कसा होतो ते कळेल. आषाढातली झड लागलेली होती. आदल्या संध्याकाळी आणलेल्या पालक, सांबार आणि मेथीच्या जुड्या रात्रभर प्लास्टिकच्या पिशवीतच ओट्यावर राहिल्या होत्या. पिशवीच्या आतून पाण्याचे थेंब धरलेले. आईने पिशवीची गाठ सोडली आणि भाजीकडे बघायच्या आधी पिशवीत नाक घातलं. तिची ही पद्धत मला फार शास्त्रशुद्ध वाटते. पिशवी उघडल्याबरोबर जो पहिला वास येतो तो कोंडलेला, साचलेला असतो. भाजी बाहेर काढली की तो विरून जातो आणि मग नाकाला काही कळत नाही. नुसता मातीचा आणि हिरवा वास आला तर पुढे पाहायचं. आंबूस किंवा गटारासारखा वास आला तर आत कुठेतरी सड आहे हे नक्की, मग ती वरून दिसो वा न दिसो. त्या दिवशी वास आंबूस होता.

“कोणत्या जुडीचा?” मी विचारलं.

“सोडून पाह्य. बांधलेल्या भाजीवर कधी बोलू नये,” आई म्हणाली.

ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून तिने तिन्ही जुड्या वेगवेगळ्या सोडल्या. पालकाची जुडी वरून उत्तम दिसत होती. दोऱ्याच्या खाली मात्र देठांचा एक पट्टा काळपट-हिरवा, पारदर्शक झालेला. तिथे चिमटीत धरलं की देठ दबून जायचा आणि बोटं अलग करताना तार ओढली जायची. दोऱ्याने काचलेली ती जागा, रोग तिथूनच सुरू झाला होता. आईने एकेक पान देठाला न धरता पात्याला धरून उचललं आणि तीन ठिकाणी ठेवत गेली. ज्यांचा देठ तुटेल एवढा कडक आणि कोरडा, ती पानं एकीकडे. ज्यांचा देठ काचाच्या जागी गेलेला पण वरचं पातं अखंड, कोरडं आणि सडलेल्या भागापासून लांब, त्यांचं पातं सडीच्या चांगलं दोन बोटं वरून खुडून दुसरीकडे. आणि ज्यांच्या पात्यावर काळपट ओला डाग किंवा चिकटपणा होता, ती पूर्ण बाजूला, त्यांच्या अंगाला चिकटून असलेल्या पानांसकट. ‘डाग कापून टाकू आणि उरलेलं घेऊ’ हे तिने देठाच्या बाबतीत केलं, पात्याच्या बाबतीत केलं नाही. पालकाचं पातं पातळ असतं, त्यात रस सहज पसरतो. बटाट्याचा डाग कोरून काढता येतो तसं इथे नाही. जुडीचा साधारण दोन-तृतीयांश भाग वाचला.

सांबाराची गत उलट निघाली. बाहेरची पानं पिवळी पडलेली, मधला भाग हिरवागार दिसत होता. पण तो हिरवागार भाग हाताला थंड, ओला आणि जडशीळ लागला, आणि उलगडल्यावर बारीक पानं एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झालेला होता. सांबाराची पानं इतकी नाजूक आणि चिरलेली की त्यांत चांगली-वाईट वेगळी करता येत नाहीत. एक सडकं पान दहा पानांत मिसळलेलं असतं. आईने मधला सगळा गाभा टाकला. बाहेरच्या पिवळ्या काड्यांतून पिवळी पानं झाडून जी हिरवी राहिली ती घेतली, जाड देठ मोडून बघितले आणि ते कटकन मोडल्यामुळे ठेवले. मी मनात उलटं ठरवलं होतं, पिवळं टाका नि हिरवं ठेवा. पिवळेपणा म्हणजे पानातलं हरितद्रव्य मोडून आतला पिवळा रंग दिसू लागणं, पानाचं म्हातारपण. चव आणि वास उतरतो, पण कोरडं पिवळं पान खाऊन कुणी आजारी पडत नाही. आजारी पाडू शकतं ते त्या हिरव्या गाभ्यासारखं पान.

मेथीला फारसं काही झालं नव्हतं. तिची पानं लहान, सुटी आणि देठ चिवट, त्यामुळे जुडीत हवा खेळते. दोन-चार काड्या खालून काळ्या झालेल्या, त्या काढल्या. बाकीची पानं खुडली.

मग आईने जे केलं ते निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. तिने वर्तमानपत्र गुंडाळून आधी बाहेर टाकलं, हात साबणाने धुतले, आणि मग वाचलेल्या भाजीला पाणी लावलं. चिकट आणि चांगली पानं एकत्र गंजात टाकून धुतली असती तर सडीचा रस पाण्यावाटे सगळ्या पानांना लागला असता. ‘धुतलं की जातं’ या समजुतीने पावसाळ्यात जेवढी भाजी बिघडते तेवढी कशाने बिघडत नसेल. चिकटपणा धुऊन जातो, पानातली सड जात नाही. आणि धुतलेली भाजी त्याच वेळी शिजवायची, परत ठेवायची नाही.

वाचलेलं कुठे वापरायचं, याचा हिशेब वेगळा. सांबार आपण कच्चा खातो, पोह्यांवर, तर्रीवर, वरणावर भुरभुरून. त्यामुळे त्याची परीक्षा कडक हवी. पालक उकळत्या डाळीत जाणार असतो, तिथे मलूल, थोडं पिवळं, कडा वाळलेलं पान चालतं. लग्नाच्या पंगतीतली आपली डाळभाजी याला उत्तम. तुरीची आणि थोडी चण्याची डाळ, शेंगदाणे, आंबट चुका किंवा अंबाडी, वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. तिच्यात पानाचा ताठपणा लागतच नाही. पण चिकट पान डाळभाजीतही नको. उकळल्याने जिवाणू मरतात हे खरं, पण सडीचा वास आणि कडवटपणा डाळीत उतरतो. शिवाय शिजण्याआधी ते पान आपल्या हाताला, विळीला, पाटाला लागलेलं असतं. अमेरिकेत बाजारातल्या भाज्या तपासून 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मऊ सड लागलेल्या भाज्यांवर साल्मोनेलाचा संशय निरोगी भाज्यांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात आढळला होता. सड पाडणारे जिवाणू स्वतः माणसाला सहसा काही करत नाहीत, पण त्यांनी मोकळा केलेला रस दुसऱ्या जंतूंच्या उपयोगी पडतो.

मलूलपणा उपयोगी पडण्याची एक जागा आहे आणि ती अस्सल आपल्याकडची आहे. सांबारवडी करायची तर सांबार धुऊन, फडक्यावर पसरून चांगला सुकवावाच लागतो. पान ओलं असेल तर सारणाला पाणी सुटतं, खसखस-खोबरं त्यात भिजून बसतं, बेसनाची पारी फाटते आणि वडी तेल पिते. म्हणजे ज्या अवस्थेतला सांबार आपण बाजारात नाकारतो, त्याच अवस्थेला आपण घरी मुद्दाम आणतो. मार्चमध्ये जुडी थोडी लोळलेली दिसली, पण हिरवी, कोरडी आणि वासाला झणझणीत असली, तर मी ती पाण्यात न ठेवता सरळ वडीसाठी चिरते. वास हाच तिथे निकष. बोटांत चुरगळल्यावर सांबाराचा तो घमघमाट आला नाही, तर वडी नुसती बेसनाची होईल.

दोन फसवी प्रकरणं सांगायला हवीत, कारण ती दिसतात सडीसारखी आणि नसतात. पालकाच्या पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा असतात, त्या नागअळीने पानाच्या पापुद्र्यांमधून पोखरलेल्या वाटा. तेवढा भाग खुडून टाकला की पान चांगलं. दुसरं, फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकून गोठलेली भाजी. गोठताना पेशींतला बर्फ त्यांची आवरणं फोडतो. बाहेर काढल्यावर पान काळपट, पारदर्शक, ओलं होतं आणि हुबेहूब सडल्यासारखं दिसतं. इथे बोटं आणि नाक कामी येतात. तार ओढली जात नाही, आंबूस वास येत नाही, नुसतं पाणी सुटतं. असं पान त्याच दिवशी शिजवलं तर वाया जात नाही. उद्यापर्यंत ठेवलं तर खरोखरच सडतं, कारण फुटलेली पेशी म्हणजे जिवाणूंना उघडं दार. पाण्यात ठेवून ते परत ताठ होईल ही आशा मात्र करू नये.

एका बाबतीत मी वाचवण्याच्या बाजूने कधीच बोलत नाही. घरात वरणभात नुकताच सुरू झालेलं बाळ असेल, तर त्याच्यासाठी पालक ताजाच हवा. पालक जमिनीतून नायट्रेट भरपूर उचलतो. ताज्या पानात ते बहुतांश तसंच राहतं. पान चुरगळलं, उबेत पडून राहिलं, त्यात जिवाणू वाढले, की त्या नायट्रेटचं नायट्राइट होऊ लागतं. मोठ्या माणसाला तेवढ्याने सहसा काही होत नाही. तान्ह्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद मात्र नायट्राइटने कमी होऊ शकते. शिजवलेल्या पालकाचंही तेच. बाळासाठी केलेलं पालकाचं पातळ दुपारी ओट्यावर ठेवून रात्री गरम करून भरवू नये. उरलं तर मोठ्यांनी खावं, तेही लगेच.

खराब झाल्यावर निवडण्यापेक्षा साठवणीतच फरक करता आला तर बरं, आणि त्यासाठी नागपूरची हवा अर्धं वर्ष आपल्या बाजूने असते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर ज्या तत्त्वावर खोली थंड करतो, त्याच तत्त्वावर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 1980 च्या दशकात विजेशिवाय चालणारा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, वरून गवताचं किंवा गोणपाटाचं ओलं झाकण. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, आतली हवा थंड आणि दमट राहते. जितकी बाहेरची हवा कोरडी, तितका हा कक्ष जास्त थंड होतो, म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्याला तो नेमका जुळतो. घरात विटा रचायच्या नसतील तर पाझरणारा मोठा माठ घेऊन त्यात लहान माठ बसवावा, मधे ओली वाळू भरावी, लहान माठात कोरड्या फडक्यात गुंडाळलेली भाजी ठेवावी आणि तोंडावर ओलं फडकं टाकावं. मात्र पहिला पाऊस पडला की हे बंद. कूलरसमोर बसून चिकचिक होऊ लागते ना, त्याच दिवसापासून माठातली भाजीही चिकट व्हायला लागते.

उन्हाळ्यात आणखी एक काळजी. आंब्याची अढी आणि पालेभाजी एका खोलीत, आणि एका टोपलीत तर मुळीच ठेवू नये. पिकणारा आंबा इथिलीन नावाचा वायू सोडतो आणि त्याने पानांना अकाली पिवळेपण येतं. मुळीच उन्हात न ठेवलेला सांबार दोन दिवसांत पिवळा का पडला, असं कुणी विचारलं की मी आधी अढी कुठे आहे ते विचारते. केळ्यांचा घडही हेच करतो.

पावसाळ्यात साठवणीचा मंत्र एकच, आणल्याबरोबर जुडी सोडा. दोरा सुटला की काच सुटतो, मधली ऊब निघून जाते आणि सड लागलेली काडी तासाभरात नजरेला पडते. वर्तमानपत्रावर पसरून, पंख्याखाली पानांवरचं पाणी घालवून मगच फडक्यात. धुवायचं नाही. माती राहिली तर राहू द्या, ती शिजवण्याच्या वेळी निघते. या दिवसांत भाजी थोडी कमीच आणावी आणि या क्रमाने खावी, आधी सांबार आणि पालक, मग चवळाई, शेवटी मेथी. चिवळ मिळाली तर ती सगळ्यांत मागे ठेवली तरी चालते, तिची पानं मांसल असतात आणि घाई करत नाहीत.

उरतो तो बाजूला काढलेला ढीग. आपल्याकडे तो गाईच्या नावाने जातो. कोपऱ्यावर गाय दिसली की पिशवीच तिच्यापुढे टाकतात. मलूल, पिवळी, वाळलेली पानं तिला जरूर घालावीत, पिशवीतून काढून, सुटी करून. चिकट, ऊब धरलेला पाला नाही. जनावरांच्या चाऱ्यातही ओला, गरम झालेला ढीग नायट्राइटमुळे घातक ठरतो, हे गोठा सांभाळणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. आणि प्लास्टिक पोटात गेलेल्या गाईचं काय होतं ते नागपूरच्या रस्त्यांवर राहणाऱ्या कुणाला वेगळं सांगायला नको. चिकट पाला खताच्या खड्ड्यात किंवा कुंडीत घालावा, पण त्याच्या दुप्पट वाळलेली पानं किंवा फाडलेलं वर्तमानपत्र त्यावर पसरून. नुसता ओला पाला दाबून बसतो, आत हवा जात नाही आणि दोन दिवसांत वास मारतो. वाळलेल्या पानांचा थर मधे असला की दीड-दोन महिन्यांत त्याचं काळं भुसभुशीत खत होतं, आणि मृगाच्या पावसानंतर त्याच कुंडीत धणे रगडून पेरता येतात.